शंभर, दीडशे की दोनशे? छोट्या फ्लॅटसाठी इन्व्हर्टरची बॅटरी निवडताना

माझी आतेबहीण लातूरला वन बीएचकेमध्ये राहते. घरात ती, तिचे यजमान, शाळकरी मुलगी आणि सासूबाई. गेल्या उन्हाळ्यात लाइट रोजच जायला लागली, तेव्हा तिने मला फोन केला. दुकानदार २०० एएचची, म्हणजे २०० अँपियर-तासांची, बॅटरी घ्या म्हणत होता, शेजारी १०० एएचमध्ये भागतं म्हणत होते. मी तिला आधी एकच काम सांगितलं: पंधरा दिवस कॅलेंडरवर लाइट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहून ठेव. आल्याची वेळ विसरू नकोस, कारण बॅटरी किती तास चालते याइतकंच ती पुन्हा भरायला किती तास मिळतात हे महत्त्वाचं असतं. बहुतेक लोक पहिलाच आकडा विचारतात आणि तिथेच चुकतात.

पंधरा दिवसांनी चित्र स्पष्ट झालं. सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ६ ते ९, असे रोजचे साधारण पाच तास. वळवाचा पाऊस आला की कधी त्याहून जास्त.

आता लोड. साधा छताचा पंखा ७५ वॅट खातो, एलईडी ट्यूब २० आणि राउटर १०. संध्याकाळी दोन पंखे, दोन ट्यूब आणि राउटर चालू असतात, म्हणजे २०० वॅट. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो आणि रूपांतरात थोडी वाया जाते. त्यामुळे १२ व्होल्टच्या बॅटरीतून २०० वॅटसाठी सुमारे २१ अँपियर ओढले जातात. तीन तासांच्या संध्याकाळी ६३ एएच खर्च होतात.

बॅटरीवरचा आकडा बहुधा वीस तासांच्या हिशोबाने दिलेला असतो. लेबलवर तो सी-२० असा छापतात. १५० एएच म्हणजे साडेसात अँपियरने वीस तास. आपण २१ अँपियर ओढतो तेव्हा तेवढे मिळत नाहीत, आणि बॅटरी जितकी लहान तितकी प्रमाणात ही तूट मोठी. १०० एएचमधून प्रत्यक्षात ८०च्या आसपास निघतात, १५०मधून १३०, २००मधून १८०. म्हणून दीडशेची बॅटरी शंभराच्या दीडपट न चालता त्याहून थोडी जास्त चालते.

बहिणीसाठी मी हा तक्ता करून पाठवला. लोड २०० वॅट, बॅटरी नवी ट्यूब्युलर आणि इन्व्हर्टरचं चार्जिंग १२ अँपियरचं धरलं आहे.

| बॅटरी | बंद पडेपर्यंत | ३ तासांत किती उतरते | रिकामीची पूर्ण भरायला |
|---|---|---|---|
| १०० एएच | सुमारे पावणेचार तास | पाऊण हिश्श्याहून जास्त | ९-१० तास |
| १५० एएच | सुमारे सहा तास | निम्मी | १४-१५ तास |
| २०० एएच | सुमारे साडेआठ तास | तिसरा हिस्सा | २० तासांच्या आसपास |

शंभराची बॅटरी पहिल्या वर्षी तीन तास काढेल, पण रोज जवळजवळ तळाला जाईल. ट्यूब्युलरसारखी लेड-अ‍ॅसिड बॅटरी जितकी खोल उतरते तितकी लवकर म्हातारी होते. दुसऱ्या उन्हाळ्यातच रात्री आठ वाजता इन्व्हर्टर शिट्टी मारायला लागला असता. ज्यांच्याकडे लाइट दिवसातून एकदा तासभर जाते, त्यांना मात्र १०० एएच पुरते. तिथे मोठी घेऊन पैसे आणि जागा अडकवायचं कारण नाही.

दीडशे आणि दोनशे यांत निवडताना चौथा रकाना पाहा. बॅटरीतून जेवढं काढतो त्याच्या सुमारे सव्वापट परत भरावं लागतं. बहिणीकडे संध्याकाळी ६३ एएच जातात, म्हणजे ७५-८० भरायचे. १२ अँपियरने साडेसहा तास, आणि शेवटचा भाग हळू भरतो म्हणून धरा आठ तास. रात्री ९ ते सकाळी ९ लाइट असते, त्यामुळे सकाळपर्यंत बॅटरी फुल्ल. सकाळच्या दोन तासांचे ४२ एएच दुपारी भरून निघतात. दीडशेची तिथे चपखल बसते. सहा तासांची क्षमता असल्यामुळे तीन वर्षांनी थोडी उतरली तरी संध्याकाळ निघेल.

दोनशेची घेतली असती तर? रोजचा खर्च तेवढाच, त्यामुळे भरणंही तेवढंच, फक्त राखीव साठा जास्त. पण वादळात रात्रभर लाइट गेली आणि ती बॅटरी तळाला पोचली, की १२ अँपियरच्या चार्जिंगवर तिला वर यायला जवळजवळ सलग दिवस लागतो. रोज लाइट जाणाऱ्या घरात तो मिळत नाही. अर्धवट भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो, आणि दोनशेची बॅटरी दोन वर्षांत शंभरासारखी वागते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला क्षमतेच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा चार्जिंग करंट लागतो, म्हणजे दोनशेला २० अँपियर. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात हा आकडा असतो. काही मॉडेलच्या मागे कमी-जास्त चार्जिंगचं बटणही असतं. दुकानदार २०० एएच सुचवेल तेव्हा इन्व्हर्टर किती अँपियरने चार्ज करतो हे नक्की विचारा.

दिवसाला आठ तास लाइट जात असेल, तर मोठी बॅटरी हा उपायच नाही. आठ तास २१ अँपियर म्हणजे १६८ एएच, भरायला लागतात २१०. उरलेल्या सोळा तासांत १२ अँपियरने येतात १९२. रोज थोडी तूट राहते, मग बॅटरी कितीही मोठी असो. अशा घरात लोड कमी करा. दोन्ही पंखे बीएलडीसी घेतले तर ७५ वॅटचं काम ३० वॅटमध्ये होतं. एक पंखा तीन हजारांच्या आसपास येतो. लोड २०० वरून ११० वर उतरतो आणि दीडशेचीच बॅटरी आठ तासांचा दिवसही सहज भरून काढते. बॅटरीवर जास्तीचे पैसे घालण्याआधी पंखे बदला, हे मी कुणालाही सांगेन.

प्रकाराबद्दल थोडक्यात. फ्लॅट प्लेट स्वस्त असते, पण रोजच्या लांब कपातीला टिकत नाही. तिचा विचार सोडा. ट्यूब्युलरमध्ये उंच टाकीची घ्या. तिच्यात अ‍ॅसिड जास्त मावतं, त्यामुळे पाणी टाकायची वेळ उशिरा येते. फक्त उंची आधी मोजा, आणि भरलेली दीडशेची बॅटरी पन्नास-साठ किलोची असते हेही लक्षात ठेवा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, हे खरेदीच्या वेळीच ठरवून घ्या.

लिथियम मात्र छोट्या फ्लॅटसाठी विचार करण्याजोगी आहे. १०० एएचची लिथियम बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, त्यामुळे घरच्या लोडला ती दीडशेच्या ट्यूब्युलरच्या जवळ जाते. तिला पाणी लागत नाही, वजन बरंच कमी, आणि भरताना वाया फार कमी जातं. अर्धवट भरलेली राहिली तरी तिला इजा नाही, म्हणून वारंवार लाइट जाणाऱ्या घरी ती खरी उजवी. अडचण दोन ठिकाणी: पहिला खर्च बराच जास्त, आणि इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग हवं. जुन्या इन्व्हर्टरला ती जोडून द्या म्हणू नका. बहिणीकडे इन्व्हर्टर आधीचा होता, त्यामुळे दीडशेची ट्यूब्युलर घेतली. इन्व्हर्टरही नवा घ्यायचा असता तर मी लिथियमकडे झुकलो असतो.

घेतल्यानंतर जागेचा प्रश्न येतो. भरताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद कपाट, माळा, देवघराखालचा कप्पा या जागा नकोत. देवघरात तर दिवा लागतो. झोपायच्या खोलीतही नको. हवा खेळणारा पॅसेज किंवा पावसाचं पाणी आणि दुपारचं ऊन न लागणारी बाल्कनी उत्तम.

पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचं, उकळलेलं किंवा एसीतून ठिबकणारं चालत नाही. त्यातले क्षार आणि धातूचे अंश प्लेट खराब करतात. अ‍ॅसिड तर कधीच टाकायचं नाही, कारण उडून जातं ते पाणीच. दर महिन्याला तरंगकाड्या पाहा आणि पाणी बॅटरी पूर्ण भरल्यावर टाका. उतरलेल्या बॅटरीत पातळी खाली दिसते. तेव्हा काठोकाठ भरलं तर चार्जिंगला अ‍ॅसिड वर येऊन सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडण्यापुरतं आधी टाका.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली की इन्व्हर्टर बंद करा, प्लग काढा आणि आधी निगेटिव्हची वायर सोडा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा, पाणी झाकणाच्या भोकात जाऊ देऊ नका. कोरडं करून नट घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. सैल नट गरम होतो.

एक बिघाड बॅटरीचा वाटतो, पण नसतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल आणि तुमच्या भागात व्होल्टेज १८०च्या खाली जात असेल, तर लाइट असूनही तो बॅटरीवर जातो. दिवे सगळीकडे मंद आणि तुमचा इन्व्हर्टर बॅटरीवर, असं दिसलं तर मागचं बटण साध्या मोडवर करा. बहिणीच्या घरी पहिल्याच आठवड्यात हेच निघालं.

सुट्टीत गावी जाताना मेन स्विच पाडून इन्व्हर्टर चालू ठेवू नका. लाइट गेली असं समजून तो चालू राहतो आणि राउटर, नाइट लॅम्प बॅटरी पार संपवतात. बॅटरी पूर्ण भरू द्या, पाणी पाहा आणि इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद करा. मेन चालू ठेवणं शक्य असेल तर बहुतेक इन्व्हर्टर स्विच बंद असतानाही चार्ज करत राहतात.

बॅकअप कमी झालाय असं वाटलं तर वायरमनला अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घेऊन बोलवा. पूर्ण भरलेल्या बॅटरीत सहाही सेलचं रीडिंग साधारण बाराशे चाळीसच्या आसपास आणि एकसारखं हवं. सगळे सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी नीट भरलेली नाही; दोन दिवस लोड न देता चार्ज करून पुन्हा मोजा. पाच ठीक आणि एकच तीस-चाळीसने मागे असेल, तर तो सेल गेलाय. त्याच्या पायी बाकीचे पाचही लवकर बंद पडतात. वॉरंटी चालू असेल तर ते सहा आकडे तारखेसह कार्डामागे लिहून दुकानात न्या. संपली असेल तर नवी घेताना जुनी तिथेच द्या, शिशाची किंमत वजा होते. अ‍ॅसिड मोरीत ओतून रिकामी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका.