कॉलर माईक घेताना दुकानातल्या डेमोवर जाऊ नका, मला लातूरात कसं फसवलं ते वाचा

मी औसा तालुक्यात पाचवीच्या लेकरांना शिष्यवृत्तीचं गणित शिकवतो आणि जी लेकरं लांबच्या वस्तीवरून येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी फळ्यावरचं शिकवणं मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवतो. फोन स्टँडवर आठ-दहा फूट लांब असतो, वर पंखा, बाजूला कूलर, त्यामुळं आवाज नीट जात नव्हता, म्हणून कॉलरला लावायचा वायरचा माईक घ्यायचं ठरवलं. लातूरला गंजगोलाईकडं कामाला गेलो होतो तेव्हा तिथल्याच एका मोबाईल अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात गेलो, खिशातला फोन काढून दाखवला, ह्याला साडेतीन एमएमचा गोल जॅक आहे, ह्याच्यावर चालणारा माईक द्या म्हणलं. दुकानदारानं साडेसहाशेचा माईक काढला, डब्यावर मोबाईलचं पण चित्र आणि कॅमेऱ्याचं पण चित्र.

आता खरी गोष्ट इथून पुढं आहे, नीट वाचा. त्यानं माईक माझ्याच फोनला लावला, रेकॉर्डर चालू केला, माईक तोंडाजवळ धरून "हॅलो हॅलो चेक" म्हणला आणि लगेच वाजवून दाखवलं. आवाज स्वच्छ. कुणाचाही विश्वास बसेल. पण तो आवाज माईकचा नव्हताच, फोनच्या खालच्या बाजूला जे बारीक छिद्र असतं ना, त्या आतल्या माईकचा होता, कारण फोन त्याच्याच हातात तोंडापासून वीतभर अंतरावर होता. कॉलर माईकनं त्यात एक अक्षर पण पकडलेलं नव्हतं.

घरी येऊन पाठ रेकॉर्ड केला तर आवाज आधीसारखाच लांबून, पंख्याची घरघर तशीच. माईक दाढीजवळ लावलेला, त्याचा काहीच उपयोग नाही. परत गेलो. आधी म्हणला सर, परमिशन दिली नसंल. परमिशन दिलेली होती. मग म्हणला ह्याला कनव्हर्टर लागतो, दोनशे रुपये. तो लावला तर आता रेकॉर्डिंग एकदम कोरं, नुसती सरळ रेघ, आधी निदान लांबचा तरी आवाज येत होता. मग शेवटचं औषध काढलं, "तुमच्या फोनची ऑडिओ आयसी गेलीय, फोन ठेवून जा, चौदाशे लागतील, उद्या संध्याकाळी न्या." म्हणजे साडेसहाशेच्या माईकवरून गोष्ट बावीसशे पन्नासवर गेली आणि वरून फोन त्याच्याकडं. फोन काही मी ठेवला नाही.

माझ्या आतेभावाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, आयटीआय केलेला माणूस, त्याच्याकडं सगळं घेऊन गेलो. त्यानं माईकची पिन बघितली आणि म्हणाला, दादा, ही पिन कॅमेऱ्याची हाय. पिनवर काळ्या रेघा असतात त्या मोजायच्या. दोन रेघा म्हणजे धातूचे तीन भाग, तीन रेघा म्हणजे चार भाग. फोनच्या जॅकात चार जागा असतात, टोकाकडून धरलं तर डावा कान, उजवा कान, मग अर्थिंग, आणि सगळ्यात शेवटी वायरीकडच्या बाजूला माईक. दोन रेघांच्या पिनीत शेवटचा भाग लांब असतो, तो फोनमधल्या अर्थिंगवर आणि माईकवर दोन्हीवर एकदमच टेकतो, म्हणजे माईकची जागा शॉर्ट झाली. फोन तिथला रोध मोजतो, शून्य आला की त्याला वाटतं हा बिगरमाईकचा हेडफोन लावलाय, आणि तो गुपचूप आपला आतला माईक चालू ठेवतो. फोन काहीही चुकीचं करत नाही, त्याला तसंच बनवलंय. फक्त स्क्रीनवर हेडफोनचं चिन्ह येतं आणि आपल्याला वाटतं की माईक लागला.

बरं, कॅमेऱ्याचा माईक फोनवर चालतच नाही असं पण नाही, मधे बरोबर कनव्हर्टर असला तर चालतो. मग दोनशेचा कनव्हर्टर लावूनही कोरं का आलं? तो इंग्रजी वायसारखा, एक पिन आणि दोन भोकं, एकावर हेडफोनचं चित्र, दुसऱ्यावर माईकचं. पिनीवर तीन रेघा होत्या, म्हणजे बघायला एकदम बरोबर. आतेभावानं काय केलं, माईकच्या भोकात एक साधी ऑक्सची वायर घातली, तिच्या दुसऱ्या बाजूच्या पिनीच्या अगदी टोकाला मीटरचा एक प्रोब टेकवला आणि मीटर बीपवर ठेवून दुसरा प्रोब कनव्हर्टरच्या पिनीच्या एकेका भागावर लावत गेला. बीप वाजायला पाहिजे होता सगळ्यात शेवटच्या, वायरीकडच्या भागावर. वाजला त्याच्या आधीच्या भागावर.

ह्याचं कारण असं की चार भागांच्या पिनीचे पण दोन प्रकार आहेत. एकाला सीटीआयए म्हणतात, त्यात शेवटी माईक आणि त्याच्या आधी अर्थिंग, आजकालचे फोन ह्याच पद्धतीचे. दुसरा ओएमटीपी, जुना, त्यात हे दोन्ही उलटे. पूर्वीच्या काही फोनांना तो चालायचा, त्याचा माल अजून दुकानात पडून असतो आणि तो आपल्यासारख्याच्या गळ्यात मारला जातो. बाहेरून दोन्ही पिनी अगदी सारख्या दिसतात, डोळ्यांनी ओळखता येत नाही. तो लावला की माईकला मिळणारा करंट उलटा जातो. फोनला तिथं काहीतरी रोध दिसतो म्हणून माझ्या फोननं त्याला माईक समजून आतला माईक बंद केला, आणि बाहेरून तर काही येईना, म्हणून सरळ रेघ. दुसऱ्या एखाद्या फोनात वेगळं होईल, काही फोन अशी उलटी जोडणी ओळखून आपोआप बदलून घेतात, पण आपला घेईल ह्या भरवशावर माल घेऊ नये.

मीटर नसला तरी हे घरी ओळखता येतं. त्या कनव्हर्टरच्या हेडफोनच्या भोकात साधा हेडफोन लावून एखादं गाणं ऐका. जोडणी उलटी असली तर गाणाऱ्याचा आवाज गायब होतो किंवा एकदम लांब जातो, नुसता पोकळ बाजा ऐकू येतो, कारण हेडफोनचं अर्थिंग अर्थिंगला मिळतच नाही. मी ऐकलं, अगदी तसंच.

आता परमिशन आणि आयसीचं, कारण हे दोन बहाणे सगळीकडं ऐकवले जातात. माईक उपटून काढा आणि त्याच अ‍ॅपमधे बोलून रेकॉर्ड करा. आवाज आला तर परमिशन ठीक आहे, विषय संपला, कारण परमिशन अ‍ॅपला असते, आतल्या माईकला वेगळी आणि बाहेरच्याला वेगळी अशी नसते. तेव्हाही कोरंच आलं तर मात्र सेटिंगमधे अ‍ॅपची मायक्रोफोनची परमिशन बघा, आणि अँड्रॉईड 12 पासून पुढं सगळ्या फोनचा मिळून एक वेगळा खटका असतो, वरून खाली ओढल्यावर Mic access किंवा Microphone access असं दिसतं, तो बंद असला तर अ‍ॅप रेकॉर्डिंग करतंय असं दिसतं पण आत काहीच नसतं. आयसीचं असं, की ज्या इयरफोनवर आपण फोनवर बोलतो तो माईकवाला साधा इयरफोन त्याच भोकात लावून रेकॉर्ड करा. त्याचा आवाज आला तर जॅक पण चांगला आणि आयसी पण चांगली. माझ्या फोनात शेजाऱ्याच्या जुन्या इयरफोनवर खणखणीत आवाज आला. चौदाशे रुपये कशाचे मागत होता मग? ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, चांगला फोन बिघडला म्हणून सांगायचं.

एकच जागा आहे जिथं हे फसतं. काही फोनचा स्वतःचा कॅमेरा बाहेरचा माईक लागला तरी व्हिडिओत आतलाच माईक वापरतो. म्हणून तपासणी आधी साध्या व्हॉइस रेकॉर्डरवर करा, तिथं बाहेरचा माईक चालला आणि व्हिडिओत नाही चालला तर दोष कॅमेरा अ‍ॅपचा. Open Camera मधे ऑडिओ सोर्सला External mic निवडता येतो, मी आता तेच वापरतो.

दुकानात तपासायचं कसं, तर "हॅलो हॅलो" अजिबात करू नका. रेकॉर्डर चालू करा, कुणी बोलू नका, आधी कॉलर माईकच्या स्पंजवर नखानं हळूच खरवडा, मग फोनच्या खालच्या छिद्राजवळ तसंच खरवडा. वाजवून ऐका. पहिली खरखर कानात बसली आणि दुसरी आली नाही किंवा पुसट आली तर माईक खरंच चालतोय. उलटं झालं तर तो आतला माईक. दोन्ही नाही आलं तर उलटी जोडणी किंवा तुटलेली वायर. वायरीसाठी रेकॉर्डिंग चालू ठेवूनच पिनीच्या मानेजवळ आणि माईकच्या बुडाशी वायर बोटांत धरून हळूहळू वाकवायची, मधेच आवाज जाऊन कडकड आली तर तिथं आतली तार गेलेली आहे. मीटर असंल तर पिनीचं टोक आणि शेवटचा भाग ह्यात मोजा, पण हे फक्त दोन रेघांच्या माईकला. तिथं काहीतरी रोध दिसला पाहिजे, शून्य आलं तर शॉर्ट, काहीच आलं नाही तर वायर तुटली. माझ्या माईकची वायर चांगली होती, माईक पण चांगला होता, फक्त तो फोनचा नव्हता.

ज्यांच्या फोनला गोल जॅकच नाही, नुसतं टाईप-सी आहे, त्यांनी अजून जपा. टाईप-सी ते गोल जॅकचे काही स्वस्त कनव्हर्टर फक्त गाणी ऐकण्यापुरते असतात, माईकची तार आत जोडलेलीच नसते. काहींत स्वतःची चिप नसते, ते ठराविक फोनवरच चालतात. आणि काही फोनात सेटिंगमधला ओटीजीचा खटका चालू करावा लागतो, तो थोड्या वेळानं आपोआप बंद पण होतो. नखाची तपासणी इथं पण तशीच करा.

दुसऱ्या ठिकाणाहून सीटीआयएवाला कनव्हर्टर मागून, तिथंच नखानं खरवडून बघून घेतला. तोच माईक आता झकास चालतो, पंखा असला तरी. पहिल्या दुकानात आतेभावाला आणि मीटरला घेऊन गेलो, गिऱ्हाईकांसमोर बीप वाजवून दाखवला, तेव्हा कनव्हर्टरचे दोनशे निमूट परत दिले. माईकचे मात्र देईना, "डब्यावर कॅमेरा लिहिलंय की सर" म्हणायला. फोन समोर ठेवून मागितलेली वस्तू होती, मग डब्यावर काय लिहिलंय हे मला सांगून काय फायदा. बिल त्यानं पहिल्या दिवशी दिलं नव्हतं, पण पैसे यूपीआयनं दिले होते त्यामुळं तारीख, वेळ, रक्कम सगळं फोनात आहे. त्याचा स्क्रीनशॉट आणि डब्याचा फोटो काढून ठेवला आणि ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 नंबरवर तक्रार टाकलीय. डॉकेट नंबर आलाय, पुढं काय होतंय ते इथंच कळवतो.