गरोदरपणात आयोडीन आणि फिश ऑइल वेगळं घ्यावं का? काही महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगते, या दोन्हींमुळे अंगात काही फरक जाणवत नाही. ताकद येत नाही, मळमळ कमी होत नाही. त्यामुळे 'मला खूप फायदा झाला' असं लिहिणं खोटं होईल. माझ्या मते या गोळ्यांचं परीक्षण डब्याच्या मागच्या बाजूपासून सुरू व्हायला हवं.

माझ्या रोजच्या मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलवर आयोडीन १५० मायक्रोग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात दिवसाला २५० मायक्रोग्रॅम सांगते, ते खाण्यापिण्यातलं सगळं धरून. आईचं थायरॉइड या काळात आयोडीनपासून जवळपास दीडपट हार्मोन बनवतं, लघवीवाटे आयोडीन जास्त जातं, आणि बाळाची स्वतःची ग्रंथी निम्म्या गरोदरपणापर्यंत नीट कामाला लागलेली नसते. दूध, अंडी आणि आयोडीनयुक्त मीठ माझ्या जेवणात रोज असल्याने उरलेली गरज तिथून भागत होती. म्हणून आयोडीनची वेगळी बाटली मी घेतलीच नाही.

ताईचं गणित अगदी उलटं निघालं. आम्ही दोघी मागेपुढेच गरोदर होतो. तिच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह, फॉलिक ॲसिड सगळं होतं, पण आयोडीनचं नावच नव्हतं. असे ब्रँड बरेच निघतात. शिवाय ती सैंधव वापरायची आणि दूध तिला चालत नव्हतं. सैंधवात किंवा साध्या समुद्री मिठात, वरून घातल्याशिवाय, आयोडीन जवळपास नसतंच. तिला डॉक्टरांनी १५० मायक्रोग्रॅमची वेगळी गोळी दिली. ती घेतानाही लेबल बघावं लागलं: 'पोटॅशियम आयोडाइड १५० मायक्रोग्रॅम' असं लिहिलं असेल तर त्यातलं आयोडीन साधारण ११५च भरतं, कारण उरलेलं वजन पोटॅशियमचं असतं. 'आयोडीन (पोटॅशियम आयोडाइडच्या रूपात) १५०' असं असेल तर पूर्ण १५० मिळतं.

समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या कॅप्सूल मात्र दोघींनीही टाळल्या. त्यातलं आयोडीन बॅचगणिक बदलतं, आणि फार जास्त झालं तर आईचंच नाही, बाळाचं थायरॉइडही मंदावू शकतं. थायरॉइडचा आजार किंवा औषध चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेगळी गोळी घेऊच नये. 'लघवीची एक तपासणी करून कळेल ना' असं ताईने विचारलं होतं. एका नमुन्यावरून एका व्यक्तीचं सांगता येत नाही. खाल्लेल्या पदार्थांप्रमाणे तो आकडा रोज वरखाली होतो, आणि ती तपासणी मोठ्या समूहाची स्थिती कळावी म्हणून असते.

आता फिश ऑइल. मी मासे खात नाही, त्यामुळे इथे गरज माझी होती. जवस-अक्रोडातलं ओमेगा-३ शरीरात डीएचएमध्ये, म्हणजे माशांच्या तेलातल्या ओमेगा-३च्या प्रकारात, फारच थोडं बदलतं आणि बाळाच्या मेंदूला व डोळ्यांना लागतं ते डीएचए, दिवसाला किमान २०० मिलिग्रॅम. मल्टिव्हिटॅमिनच्या साध्या गोळीत हे तेल मावत नाही, म्हणून वेगळी कॅप्सूल लागते. इथेही पुढच्या बाजूचा मोठा आकडा फसवतो. '१००० मिलिग्रॅम फिश ऑइल' लिहिलेल्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये डीएचए अनेकदा १२० च्या आसपासच असतं. मी शेवाळापासून काढलेल्या तेलाची, २५० डीएचएची कॅप्सूल निवडली (हे सूक्ष्म शेवाळ वेगळं, वरचं केल्प नव्हे). कॉड लिव्हर ऑइल गरोदरपणात नको, त्यात रेटिनॉल प्रकारचं व्हिटॅमिन ए जास्त असतं.

फायदा काय? बाळ हुशार होईल अशा जाहिरातींना मोठ्या चाचण्यांतून आधार मिळालेला नाही. आधार आहे तो अकाली प्रसूतीबाबत. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात ३४ आठवड्यांआधीच्या प्रसूती हजारी ४६ वरून २७ वर आलेल्या दिसल्या. पण २०१९च्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत सरसकट सगळ्यांना तेल देऊन फरक पडला नाही. ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ आधीच कमी होतं, त्यांनाच फायदा दिसला. ताई आठवड्यातून दोनदा कमी पारा असलेले मासे खायची, तिला म्हणूनच डॉक्टरांनी तेल दिलं नाही.

वापरातली एकच कटकट म्हणजे ढेकर. उपाशीपोटी घेतलं की दुपारपर्यंत तोंडाला चव येत राही. जेवणाच्या मध्यावर घेतल्यावर ते जवळपास थांबलं, आणि तेलातुपासोबत ते पचतंही बरं. नवी बाटली उघडली की एक कॅप्सूल टोचून वास घेत जा. खवट आला तर बाटली परत करा.

बाळंतपणानंतर आयोडीनची गरज कमी होत नाही, कारण बाळाला ते दुधातूनच मिळतं. मल्टिव्हिटॅमिन आणि डीएचएची ती एक कॅप्सूल मी अजून घेते. ताईची आयोडीनची गोळीही स्तनपान चालू आहे तोवर आहे.