एडीएचडीची गोळी आणि उडालेली झोप: वेळ बदलायची की रात्रीची गोळी जोडायची?

सोलापुरात मेडिकलच्या काउंटरवर बसताना दोन चिठ्ठ्या एकाच माणसाच्या हातात दिसतात, तेव्हा मी थांबतो. एक मानसोपचारतज्ज्ञांची, एडीएचडीत म्हणजे लक्ष टिकत नसण्याच्या त्रासात देतात त्या मिथाइलफेनिडेटची. दुसरी घराजवळच्या डॉक्टरांची, झोपेच्या गोळीची. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या यादीतलं औषध असल्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात ठेवून घ्यावी लागते. म्हणून पहिली चिठ्ठी माझ्या नजरेतून सुटत नाही. पण ती लिहिणाऱ्याला दुसरीचा पत्ता नसतो आणि दुसरी लिहिणाऱ्याला पहिलीचा. पेशंटने फक्त ‘झोप येत नाही’ एवढंच सांगितलेलं असतं.

ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी दोन वाटा शेजारी ठेवून बघू. सकाळच्या गोळीची वेळ किंवा प्रकार बदलणं ही एक, रात्री शांत करणारं औषध जोडणं ही दुसरी. उदाहरणाला चाटी गल्लीतल्या कापड दुकानात हिशेब बघणारा तिशीतला माणूस घ्या. हा कोणी खरा माणूस नाही, पण असं वेळापत्रक बाजारात घरोघरी सापडेल. दुकान दहाला उघडतं. छत्तीस मिलिग्रॅमची दिवसभर चालणारी गोळी तो साडेदहाला, दुकानात नाश्ता आला की घेतो. सायंकाळी सातला चहा. नऊला दुकान बंद, जेवण, साडेअकराला अंथरूण आणि डोळा लागतो दीड-दोनला.

इथे आकडेमोड करून बघा. साधी मिथाइलफेनिडेट तीन-चार तास चालते. ही हळूहळू सुटणारी गोळी दहा ते बारा तास. साडेदहाला घेतली, तर तिचा अंमल रात्री साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान कधीतरी ओसरतो, काहींचा त्याहूनही उशिरा. म्हणजे शरीर झोपेच्या तयारीला लागायच्या वेळी मेंदू अजून दुकानात बसलेला असतो.

पहिल्या वाटेने हीच गोळी सकाळी सातला आली, तर अंमल संध्याकाळी पाच ते सातपर्यंत संपतो. झोपायला मधे चार तास मोकळे मिळतात. याची किंमतही आहे आणि ती लपवू नये. दिवसाचा हिशेब रात्री आठला जुळवायचा असेल, तर त्या वेळी डोकं थाऱ्यावर राहणार नाही. अशा वेळी डॉक्टर आठेक तास चालणारा प्रकार किंवा साध्या गोळीचे सकाळी आणि दुपारी असे दोन डोस सुचवू शकतात. दिवसभराची गोळी मात्र मोडून, चावून घेऊन वेळ कमी करता येत नाही. हळूहळू सुटण्याची सगळी करामत तिच्या अखंड असण्यात आहे.

आता एक गोष्ट जी सहसा कोणी सांगत नाही. गोळी उतरतानाही झोप उडते. काहींना संध्याकाळी चिडचिड होते, अंगात एकदम चुळबुळ भरते, विचार सैरावैरा धावतात आणि हे तास-दोन तास टिकतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की गोळीच जास्त झाली. खरं तर ती संपत असते. अशा माणसाला कधीकधी दुपारी उशिराचा छोटा डोस दिल्याने झोप सुधारते. ऐकायला उलटं वाटतं, पण डॉक्टर हे विचारपूर्वक करतात.

तिसरी शक्यता म्हणजे गोळीचा दोषच नसणं. एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांचं शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा धावतं, औषध सुरू व्हायच्या आधीपासून. हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे डॉक्टरांच्या परवानगीने सुट्टीच्या दिवशी गोळी न घेणं. त्या रात्रीही डोळा दोनलाच लागला, तर गोळीची वेळ हलवून फार काही साधणार नाही.

दुसऱ्या वाटेवर आपला हिशेबनीस काय करतो ते बघा. झोपेसाठी क्लोनाझेपाम मिळते. तो ती दहाला घेतो. दिवसाची गोळी अजून जागी असल्यामुळे तिचा परिणाम दिसत नाही. बाराला वाटतं, अजून अर्धी घ्यावी. मध्यरात्रीनंतर जागं ठेवणारं औषध संपतं आणि दीड गोळीची गुंगी एकदम अंगावर येते. सकाळी जड डोकं, उठायला उशीर, म्हणून दिवसाची गोळी अकराला. मग रात्र आणखी पुढे सरकते. महिन्याभराने तक्रार येते की लक्षच लागत नाही आणि सकाळचा डोस वाढतो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त भीती या चक्राची वाटते, कारण त्यातलं प्रत्येक पाऊल त्या क्षणी शहाणपणाचं दिसतं.

यामागे गणित आहे. क्लोनाझेपामचं अंगातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच तीस-चाळीस तास लागतात, म्हणून रोज घेतली की ती साठत जाते आणि दिवसाचं लक्ष, स्मरण मंदावतं. झोल्पिडेम ही दुसरी झोपेची गोळी लवकर उतरते, पण ती अंथरुणावर पडतानाच घ्यायची आणि पुढे सात-आठ तास झोपायला हाताशी हवेत. दोन वाजता घेऊन सातला गाडी चालवणं धोक्याचं. दारूबरोबर तर यातली कोणतीच गोळी नको. घोरणाऱ्याने, झोपेत श्वास अडकणाऱ्याने ते आधी सांगावं.

क्लोनिडीनची गोष्ट निराळी आहे. ते एडीएचडीतही वापरतात आणि रात्रीच्या डोसाने काहींची झोप खरंच सुधारते. पण ते रक्तदाब उतरवतं, म्हणून सुरू करताना दाब आणि नाडी मोजावी लागते. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळीसच्या वर असताना आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना उठल्यावर चक्कर येणं सोपं असतं. आणि एकदम बंद केलं तर दाब उसळतो. चिठ्ठी संपली म्हणून दोन दिवस चुकवायचं हे औषध नाही.

मेलाटोनिन हे शरीरातल्याच झोपेच्या हार्मोनचं औषध बहुतेकांना निरुपद्रवी वाटतं, पण त्यातही वेळेचाच प्रश्न आहे. घड्याळ मागे आणायचं असेल, तर छोटा डोस झोपेच्या काही तास आधी लागतो. दोनला झोपणाऱ्याने दीडला घेतला, तर घड्याळ हलत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवा. गोळी कधी घेतली, उतरल्यासारखं कधी वाटलं, शेवटचा चहा कधी घेतला, दिवा कधी मालवला, डोळा कधी लागला, एवढंच. ती वही दाखवून वेळ किंवा प्रकार बदलून घ्या. हे करूनही रात्र सुटत नसेल, तर रात्रीचं औषध जरूर जोडावं, पण दोन्ही औषधं एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली असावीत. चिठ्ठीवर परत दाखवायची तारीख हवी, दोन ते चार आठवड्यांतली. त्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा, हे औषध आता कमी करता येईल का?

एका परिस्थितीत थांबायचं नाही. झोप दोन-तीन तासांवर आली आणि तरी थकवा नाही, उलट उत्साह ओसंडतोय, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जात आहेत, तर ती साधी निद्रानाशाची तक्रार नव्हे. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा.

आणि ज्यांची क्लोनाझेपाम महिनोन्‌महिने चालू आहे, त्यांनी हे वाचून आज रात्रीच ती बंद करू नये. एकदम तोडल्यास झोप पूर्वीपेक्षा बिघडते, झटकेही येऊ शकतात. डॉक्टर ती थोडी थोडी करत आठवड्यांच्या हिशेबाने उतरवतात आणि त्या काळात सकाळच्या गोळीची वेळ पक्की ठेवतात.