ऑनकॉल भत्ता: तासावर घ्यावा की आठवड्याचा ठोक?

टीममधल्या एकीला दोन्ही पर्याय दिलेत आणि ती अडकलीय. मी दोन्ही करून पाहिलेत.

समजा, ड्युटी सोडून आठवड्यात १२३ तास फोन जवळ ठेवायचा आहे. तासाच्या पद्धतीत स्टँडबायला पूर्ण दराच्या १० टक्के आणि प्रत्यक्ष कामाला पूर्ण दर. ठोक पद्धतीत १४ तासांचा पगार, कॉल येवोत न येवोत.

शांत आठवड्यात तासाची पद्धत १२.३ तासांचा पगार देते, म्हणजे ठोक बरा. पण ८ तास कॉलवर गेले, तर ते स्टँडबायमधून वजा होतात. उरलेल्या ११५ तासांचे ११.५ आणि कामाचे ८, एकूण १९.५. साधारण दोन तासांच्या कामाला पारडं फिरतं.

खरी गोम मोजणीत आहे. रात्री अडीचला फोन वाजला, लॉगिन होईपर्यंत बारा मिनिटं गेली, दुरुस्ती वीस मिनिटांची. घड्याळ फोनपासून सुरू की लॉगिनपासून? प्रत्येक कॉलला किमान एक तास धरतात का? नसेल तर झोपमोड झाली आणि हाती वीस मिनिटांचे पैसे. हे लेखी घ्या. शिवाय प्रत्येक कॉलची नोंद स्वतः ठेवावी लागते. ठोकमध्ये ही कटकट नाही.

सिस्टीम जुनी, सतत कुरकुरणारी असेल तर तासावर घ्या. महिन्याला एखादाच कॉल येत असेल तर ठोक.