मार्केट ऑर्डर की लिमिट ऑर्डर: कमी उलाढालीचा शेअर घेताना

स्टेट बँकेसारख्या प्रचंड उलाढालीच्या शेअरमध्ये बिड म्हणजे घेणाऱ्याचा भाव आणि आस्क म्हणजे विकणाऱ्याचा भाव यांत एरवी काही पैशांचेच अंतर असते आणि त्या भावाला माल मुबलक असतो. तिथे शंभर शेअरसाठी मिळेल त्या भावाला लगेच घेणारी मार्केट ऑर्डर टाकली किंवा आपण ठरवलेल्या भावाच्या वर न जाणारी लिमिट ऑर्डर टाकली, तरी फरक चहाच्या पैशांइतकाही पडत नाही. निवड खरोखर करावी लागते ती दिवसाला मोजकेच सौदे होणाऱ्या लहान कंपन्यांच्या शेअरमध्ये, आणि माझे पुढचे म्हणणे त्यांच्यापुरतेच आहे.

माझ्यापुरता निर्णय एका कटकटीने केला. ॲपवर ठळक अक्षरांत जो भाव दिसतो तो शेवटच्या झालेल्या सौद्याचा असतो. तो सौदा दहा मिनिटांपूर्वीचा, दोन शेअरचाही असू शकतो, आणि त्या भावाला आत्ता विकायला कोणी तयार आहे असा त्याचा अर्थ होत नाही. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा मी ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये उभा असतो. तेवढ्या गर्दीत मार्केट ऑर्डरचे बटण दाबणे सोपे असते, पण आपण नेमके काय भरले हे सौदा झाल्यावरच कळते. ही गोष्ट मला कधीच रुचली नाही.

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडतो. समजा, ठळक भाव ४१२.५० रुपये दिसतो आहे, सर्वोत्तम बिड ४११.२० आणि सर्वोत्तम आस्क ४१४.८० आहे. म्हणजे या दोहोंतले अंतर, स्प्रेड, ३.६० रुपयांचा झाला. मार्केट डेप्थमध्ये, म्हणजे उभ्या असलेल्या ऑर्डरींच्या यादीत, विकणाऱ्यांच्या पाच ओळी अशा आहेत: ४१४.८० ला ३५ शेअर, ४१५.५० ला ४०, ४१७ ला २५, ४१९.९० ला ६० आणि ४२१ ला १००. तुम्हाला २०० शेअर हवे आहेत. मार्केट ऑर्डर पहिल्या चार ओळी पूर्ण उचलते आणि उरलेले ४० शेअर ४२१ ने घेते. एकूण ८३,५९७ रुपये, म्हणजे सरासरी जवळजवळ ४१८ रुपये. सगळा माल पहिल्याच आस्कला मिळाला असता तर ८२,९६० रुपये लागले असते. ६३७ रुपये केवळ या ओळींच्या पायऱ्या चढण्यात गेले. जांभळी नाक्यावर एकाच फेरीत दहा किलो झेंडू हवा असेल, तर पहिल्या टोपलीचा भाव शेवटच्या टोपलीला लागत नाही, तसेच हे. शिवाय बिड अजून ४११.२० वरच असल्याने, तेवढे घेणारे तिथे आहेत असे धरले तरी, तत्काळ विकायचे म्हटल्यास १,३५७ रुपयांचा तोटा होईल, आणि त्यात कर व शुल्क धरलेले नाहीत.

याच जागी ४१५.५० ची लिमिट ऑर्डर टाकली तर ३५ शेअर ४१४.८० ने आणि ४० शेअर ४१५.५० ने लगेच मिळतात. लिमिट ही कमाल मर्यादा असल्यामुळे स्वस्तातला माल स्वस्तातच येतो. उरलेली १२५ शेअरची मागणी ४१५.५० वर सर्वांत वरची बिड म्हणून उभी राहते. आस्कच्या थोडी वर लावलेली ही लिमिट मला सर्वांत सोयीची वाटते, कारण तिच्यात मार्केट ऑर्डरचा बराचसा वेग मिळतो आणि तरीही भावाला कुंपण राहते.

लिमिट ऑर्डर निर्दोष आहे असे मात्र म्हणवत नाही. स्प्रेड वाचवण्यासाठी ४१३.५० ला ऑर्डर लावून बसलात, तर दुसरा कोणी ४१३.५५ लावून पुढे जातो, आणि भाव वर सरकला की तुमची ऑर्डर तशीच राहते. त्याहून वाईट म्हणजे कंपनीची वाईट बातमी आली की हीच जुनी ऑर्डर झटकन भरली जाते, कारण विकणाऱ्याला तीच हवी असते. साधी लिमिट ऑर्डर दिवसअखेर रद्द होते. उरलेल्या मालासाठी दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर द्यावी लागते, आणि ब्रोकर प्रत्येक ऑर्डरवर दलाली घेत असेल तर ती पुन्हा पडते. कोणत्याही किमतीला आजच आत शिरायचे असेल, तर मार्केट ऑर्डरची बाजू कदाचित जड ठरेल.

माझ्या अनुभवात अशी घाई क्वचितच खरी असते. म्हणून बाजार उघडल्यानंतरचा पहिला अर्धा तास, जेव्हा स्प्रेड सहसा सर्वांत रुंद असतो, मी जाऊ देतो आणि वाशीला पोहोचल्यावर डेप्थच्या पाचही ओळी पाहतो. माझी संख्या पहिल्या दोन ओळींत बसत असेल तर दुसऱ्या ओळीचा भाव लिमिट म्हणून भरतो. बसत नसेल तर ऑर्डरचे दोन-तीन तुकडे करून दिवसभरात पसरवतो, कारण विकणारे पुन्हा येऊन रिकाम्या ओळी भरेपर्यंत थोडा वेळ द्यावा लागतो.