सात महिन्यांनंतर: उष्णतावहनाच्या नोट्समधली ‘कंपोझिट वॉल’

या हस्तलिखित नोट्सची स्कॅन प्रत मी सात महिने वापरतोय. आधी परीक्षेसाठी घेतली होती. नंतर कामावर भट्टीच्या भिंतीचे अंदाज काढायची वेळ आली, तेव्हा पुन्हा उघडली. सगळ्या नोट्सबद्दल लिहीत बसत नाही, कारण खरा उपयोग झाला तो कंपोझिट वॉल, म्हणजे अनेक थरांच्या भिंतीच्या, एकाच प्रकरणाचा आणि खरी चिडचिडही त्याच प्रकरणाने केली.

नोट्समधलं मुख्य उदाहरण असं आहे. भट्टीची भिंत तीन थरांची आहे. आतून २३० मिमी फायरब्रिक, मध्ये ११५ मिमी इन्सुलेटिंग ब्रिक आणि बाहेरून १४० मिमी साधी वीट. त्यांची कंडक्टिव्हिटी k, म्हणजे उष्णता वाहून नेण्याची क्षमता, अनुक्रमे १.१५, ०.२३ आणि ०.७. आतला पृष्ठभाग ९०० अंशांवर, बाहेरची हवा ३० अंशांवर आणि पृष्ठभागावरून हवेकडे जाणाऱ्या उष्णतेचा गुणांक h = 10.

प्रत्येक थराचा रोध R = L/k, इथे L म्हणजे थराची जाडी. मीटरमध्ये जाडी घातली की ०.२, ०.५, ०.२ मिळतात. हवेच्या थराचा रोध 1/h, म्हणजे ०.१. बेरीज बरोबर १. मग तापमानातला ८७० अंशांचा फरक भागिले १, म्हणजे दर चौरस मीटरमधून जाणारी उष्णता ८७० वॅट. (जाडी मिलिमीटरमध्येच घातली तर उत्तर एका वॅटच्या आसपास येतं. एवढ्या तापलेल्या भिंतीतून एक वॅट? तिथेच थांबून पाहायचं.)

इथवर कुठलीही नोट्स चालतील. यांचं वेगळेपण असं की उदाहरण उत्तरावर संपत नाही, प्रत्येक सांध्याचं तापमान काढायला लावतं. सगळ्या थरांतून तेच ८७० वॅट जातात, म्हणून ज्या थराचा रोध जास्त त्यातच तापमान जास्त उतरतं. फायरब्रिकमध्ये १७४ अंश उतरून ७२६ राहतात, इन्सुलेशनमध्ये तब्बल ४३५ उतरून २९१ राहतात, साध्या विटेत १७४ उतरून ११७, आणि शेवटचे ८७ अंश हवेत. वजाबाकी ३० वर येऊन टेकली की हिशेब जुळला. कुठला आकडा चुकला असेल तर बहुतेक वेळा याच टप्प्यावर कळतं. मी स्वतः एकदा हवेचा रोध विसरलो होतो. तेव्हा शेवटच्या विटेची बाहेरची बाजूच ३० अंशांवर आली, म्हणजे हात लावला तरी चालेल अशी भट्टी!

आता तक्रार. नोट्समध्ये चौकटीत लिहिलंय, ‘थरांचा क्रम बदलला तरी उष्णता तेवढीच जाते.’ बेरजेच्या दृष्टीने बरोबर आहे. पण इन्सुलेटिंग ब्रिक सगळ्यात आत ठेवून पाहा. बेरीज १ च राहते, मात्र तापमानं बदलतात. पूर्वी या विटेला सर्वात जास्त ७२६ अंश सोसावे लागत होते, आता थेट ९०० अंशांना तोंड द्यावं लागतं. तिची मर्यादा ८५० असेल तर भिंत कागदावर उत्तम आणि प्रत्यक्षात खराब. शिवाय इन्सुलेटिंग ब्रिकची कंडक्टिव्हिटी तापमानाबरोबर वाढते. पहिल्या रचनेत तिचं सरासरी तापमान ५०८ होतं, नव्या रचनेत ६८२. समजा त्यामुळे k ०.२३ वरून ०.२५ झाला, तर रोध ०.५ ऐवजी ०.४६ आणि उष्णता सुमारे ९०६ वॅट. म्हणजे ‘उष्णता तेवढीच’ हेही फक्त k स्थिर धरल्यास खरं. तक्त्यातला k थराच्या सरासरी तापमानाला घ्यायचा, पुन्हा हिशेब करायचा, तापमानं फार हलली नाहीत तर थांबायचं, हे नोट्समध्ये कुठेच नाही. k तापमानाबरोबर सरळ रेषेत बदलत असेल तर सरासरी तापमानाचा k अचूक उत्तर देतो, आणि ही एक ओळ चौकटीपेक्षा जास्त उपयोगी पडली असती.

पण सगळ्यात मोठी गफलत कामावर कळली. मी असाच हिशेब करून ८७० सांगितले. आमच्या विभागातले ज्येष्ठ सहकारी कागद पाहून म्हणाले, “थर छान मोजलेत. पण वीट धरून ठेवणाऱ्या सळया कुठे गेल्या?” मी म्हणालो, “सर, त्या तर नगण्य आहेत. क्षेत्रफळाच्या ०.२ टक्के.” ते म्हणाले, “मोजून बघा.”

सळया स्टेनलेस स्टीलच्या, १० मिमी व्यासाच्या, दर चौरस मीटरला २५, फक्त इन्सुलेशनच्या थरातून आरपार गेलेल्या. k साधारण २० धरला. सळया आणि वीट या उष्णतेच्या दोन समांतर वाटा धरून त्यांचा नियम लावला तर त्या थराची सरासरी कंडक्टिव्हिटी ०.२३ वरून ०.२७ होते, रोध ०.५ वरून ०.४३ च्या खाली येतो आणि एकूण उष्णता ९३८ वॅट. ०.२ टक्के धातू त्या थरातली सुमारे १५ टक्के उष्णता एकटा वाहून नेतो!

मी खूश होऊन ९३८ दाखवले. त्यांनी दुसरी रीत सांगितली. सळईच्या रेषेतला सगळा मार्ग वेगळा धरा, तिच्यापुढचं-मागचं वीटकामही त्याच अरुंद पट्ट्यात, आणि उरलेल्या भिंतीचा मार्ग वेगळा. दोन्ही समांतर जोडले. उत्तर ८७२! तीच भिंत, तेच आकडे, दोन्ही रीती पुस्तकी, आणि ६६ वॅटचा फरक.

कारण समजायला मला दोन दिवस लागले. पहिली रीत गृहीत धरते की विटेत उष्णता आडवी फिरून हवी तेव्हा सळईपाशी पोचते, आडवा रोध शून्य. दुसरी धरते की ती आडवी जातच नाही. खरं उत्तर या दोघांच्या मध्येच असतं. इथे सळईच्या टोकाशी उष्णता गोळा होताना विटेत एक अरुंद मान तयार होते, आणि त्या मानेचा रोध सळईच्या रोधाच्या तोडीचा असतो. तो दोन्ही टोकांना धरून ढोबळ हिशेब केला तर ९०० च्या आसपास येतं. सळया बारीक आणि जवळजवळ असतील तर उत्तर पहिल्या रीतीकडे झुकतं, जाड आणि विरळ असतील तर दुसऱ्या रीतीकडे.

नोट्समध्ये समांतर वाटांचं एक उदाहरण आहे, पण ते पहिल्या रीतीने सोडवून ‘उत्तर’ म्हणून खाली दोन रेघा मारल्यात. आता माझ्या प्रतीत त्या दोन रेघांशेजारी पेन्सिलने दुसरं उत्तरही लिहिलंय, आणि मी वरिष्ठांना एक आकडा न देता दोन देतो.

अक्षर वाचनीय आहे, आकृत्या स्वच्छ आहेत. दंडगोलाकार थरांचं प्रकरण मी अजून फारसं वापरलेलं नाही, त्यामुळे त्यावर काही बोलत नाही.