टँकरची गोष्ट तीन भाषांत: शब्द धरायचे, आवाज धरायचा की ठेका?

यमकातली मराठी बालगोष्ट हिंदीत आणि इंग्रजीत न्यायची म्हटली की तीन रस्ते दिसतात. पहिल्या रस्त्यात अर्थ शब्दाला शब्द ठेवून आणायचा आणि यमक जमलं तर जमलं. दुसऱ्यात मराठीतले आवाजाचे शब्द तसेच ठेवून भोवतालचं वाक्य तेवढं बदलायचं. तिसऱ्यात टाळ्यांचा ठेका आणि पालुपदाची जागा कायम ठेवून प्रत्येक भाषेचा स्वतःचा आवाज शोधायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी किंवा गावच्या वाचनालयासाठी असं पुस्तक करायला घेतलेल्या शिक्षकांना यातला एक निवडावाच लागतो. तीन रस्त्यांची सरमिसळ केलेली गोष्ट मोठ्याने वाचताना पानागणिक अडखळते.

तुलना नुसत्या तत्त्वावर होत नाही, म्हणून एक गोष्ट हातात घेऊ. उन्हाळा आहे, मराठवाड्यातली एक वाडी आहे आणि टँकर आला आहे. चिंगी घागर घेऊन पळते, मागून ताई कळशी घेऊन, आजी तांब्या घेऊन आणि सगळ्यांत शेवटी शेळीचं करडू. दर पानाच्या शेवटी हे पालुपद येतं:

पाणी सुटलं घळ घळ घळ,
चल गं चिंगे, पळ पळ पळ!

आणि करडाच्या पानावर:

मागुन मागुन करडू आलं,
चाटुन चाटुन पाणी प्यालं.

टाळी वाजवत म्हणून पाहा. पालुपदाच्या प्रत्येक ओळीत चार टाळ्या पडतात: पाणी, सुटलं, घळघळ, घळ. शेवटच्या ‘घळ’नंतर थोडी जागा मोकळी राहते आणि पोरं तिथेच श्वास घेतात. मात्रा मोजल्या तर चौदा अधिक दोनची विश्रांती, म्हणजे सोळा. करडाच्या ओळी पूर्ण सोळा मात्रांच्या आहेत, त्यासाठीच ‘मागून’चा ऊ ऱ्हस्व केला आहे.

आता पहिला रस्ता. शब्दशः हिंदी केलं तर हाती असं काही येतं: ‘पानी छूटा घल-घल-घल, चल री चिंगी, भाग भाग भाग’. इथे दोन गोष्टी बिघडल्या. नळाला किंवा टँकरला पाणी ‘सुटतं’ ते मराठीत, हिंदीत ते ‘आता है’. शिवाय ‘घल’ आणि ‘भाग’ यांचं यमक होत नाही, त्यामुळे पालुपदाची दुसरी ओळ लोंबकळत राहते. या रस्त्याचा खरा उपयोग एकच: चित्रकाराला किंवा संपादकाला गोष्टीत काय घडतं ते कळवायला असा कच्चा मजकूर करावा आणि तिथेच ठेवावा. तो छापलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. मुलं ती एकदा ऐकतात, दुसऱ्यांदा मागत नाहीत.

दुसरा रस्ता मराठवाड्यात फार मोहात पाडतो. इथल्या पोरांच्या कानावर मराठी असतेच, गल्लीत दखनीही असते, मग ‘घळघळ’ हिंदीतही तशीच ठेवली तर काय बिघडलं? बिघडतं ते ‘ळ’पाशी. हिंदीच्या शालेय वर्णमालेत हे अक्षर नाही, दखनी बोलणाऱ्या घरातही हा आवाज सहज निघत नाही. मूल ‘घळ’ला ‘घल’ म्हणतं, तिथवर चालतं. पण ‘पळ पळ पळ’चं ‘पल-पल-पल’ झालं की हिंदीत त्याचा अर्थ क्षणाक्षणाला असा होतो. चिंगीला कोणी पळायला सांगतच नाही. गोष्टीचा सगळा वेग त्या एका शब्दात आहे आणि तोच हरवतो. इंग्रजीत हा रस्ता आणखी अवघड, कारण रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’ यांना वेगळी अक्षरंच नाहीत.

तरी हा रस्ता पूर्ण टाकाऊ नाही. जिथे आवाज वस्तूचा आहे आणि त्याला दुसरा अर्थ चिकटलेला नाही, तिथे तो उत्तम चालतो. आजीच्या तांब्याची ‘टणटण’ हिंदीत ‘टन-टन’ होऊन सुखरूप पोचते. चिंगीचं नावही तिन्ही भाषांत तेच ठेवावं. नाव बदलून ‘पिंकी’ करणारे असतात, पण मग चित्रातली वाडी आणि नाव एकमेकांना ओळखत नाहीत.

तिसऱ्या रस्त्याला वेळ लागतो. माझा कौल त्यालाच आहे. यात आधी पालुपद तिन्ही भाषांत पक्कं करायचं आणि कडवी नंतर लिहायची. उलट क्रमाने गेलं की कडवं छान जुळतं, मग त्याला जोडायला पालुपद दर पानावर थोडंथोडं बदलावं लागतं. बदलतं पालुपद मुलांना पाठ होत नाही. हिंदीत असं जमलं:

पानी आया छल-छल-छल,
चल री चिंगी, चल-चल-चल!

‘ळ’ गेला, पण ‘ल’ने दोन्ही ओळी बांधल्या. चार टाळ्या आणि शेवटचा श्वास जिथल्या तिथे राहिला. ‘पळ’चं ‘चल’ झाल्याने घाई थोडी कमी झाली, ती तीनदा म्हटल्याने बरीचशी भरून निघते. नदीसाठी हिंदीत ‘कल-कल’ अधिक ओळखीचं आहे, पण इथे पाइपातून पडून घागरीबाहेर सांडणारं पाणी आहे, त्याला ‘छल-छल’च हवं.

हिंदीत खरी कसोटी करडाच्या पानावर लागते. मराठीतलं ‘आलं’ आणि ‘प्यालं’ हे यमक नपुंसकलिंगावर उभं आहे आणि हिंदीत नपुंसकलिंग नाही. करडाचा ‘मेमना’ झाला की तो पुल्लिंगी, म्हणजे ‘आया’. पुढे ‘पिया’ म्हणावं तर यमक ढिलं पडतं आणि वर ‘ने’ लागतो: मेमने ने पानी पिया. मराठीत ‘पिणे’ कर्त्याप्रमाणे चालतं, करडू पाणी प्यालं, तिथे ‘ने’ची अडचण नाही. म्हणून क्रियापदच बदलावं लागलं:

पीछे-पीछे मेमना आया,
चाट-चाटकर पानी पाया.

दुसऱ्या ओळीत कर्ता पुन्हा घेतलाच नाही, त्यामुळे ‘ने’ टळला. ‘मेमना’त एक मात्रा जास्त आहे, पण बोलताना ‘मेम-ना’ असा दोनच ठोक्यांत उच्चार होत असल्याने ओळ अडत नाही. ‘बछड़ा’ घेतला असता तर मात्रा चोख बसल्या असत्या, पण चित्रात करडू काढलं होतं. चित्र झाल्यावर प्राणी बदलता येत नाही, म्हणून तिन्ही पालुपदं आणि अवघड कडवी पक्की झाल्याशिवाय चित्रकाराकडे जाऊ नये.

मराठी-हिंदीत क्रियापद ओळीच्या शेवटी येत असल्याने ‘आला-गेला’, ‘आया-खाया’ अशी यमकं फुकट मिळतात. फुकटच्या यमकांनी गोष्ट भरली की ऐकणाऱ्याला चव राहत नाही, हा भाग वेगळा. इंग्रजीत मात्र ती सोयच नाही. तिथे ओळीच्या शेवटी बहुधा नाम येतं आणि यमक जोर पडलेल्या स्वरापासून शेवटपर्यंत जुळावं लागतं. त्यामुळे इंग्रजी करताना शेवटचा शब्द आधी शोधायचा आणि वाक्य मागून रचायचं. पालुपदासाठी दोन पर्याय पुढे आले. ओळी देवनागरीत देतो, कानाने वाचाव्यात:

वॉटर्स कमिंग, गश गश गश,
रन नाउ, चिंगी, रश रश रश!

किंवा

वॉटर्स कमिंग, ग्लग ग्लग ग्लग,
हरी, चिंगी, ब्रिंग युअर जग!

पहिल्यात तिहेरी आवर्तन दोन्ही ओळींत टिकतं. ‘गश’ म्हणजे जोराने उसळणं, ‘रश’ म्हणजे घाई, म्हणजे अर्थही जवळपास मूळचाच. दुसऱ्यात आवर्तन एका ओळीत संपतं आणि घागरीचा जग होतो. पण सेमी इंग्रजीच्या पहिलीतल्या मुलाला ‘जग’ वाचता येतो, ‘गश’ त्याने ऐकलेलाही नसतो. पुस्तक मूल स्वतः वाचणार असेल तर जगवाला पर्याय घ्यावा आणि चिंगीच्या हाती चित्रात खरोखर जग द्यावा. बाई वाचणार आणि वर्ग मागे म्हणणार असेल तर गश-रश घ्यावा. आमच्या भागात पुस्तकं अजून मुख्यतः मोठ्याने वाचली जातात, म्हणून मी गश-रशकडे झुकतो.

करडाचं पान इंग्रजीत असं झालं: ‘लास्ट ऑफ ऑल केम लिटल गोट, लिक लिक लिक अँड डाउन हर थ्रोट’. करडासाठी इंग्रजीत ‘किड’ हा नेमका शब्द आहे, पण त्याचाच अर्थ मूल असाही होतो आणि पाण्याच्या रांगेत चिंगी, ताई अशी मुलंही असताना गोंधळ उडतो. ‘मागुन मागुन’मधली दुहेरी इंग्रजीत ओळीच्या सुरुवातीला जमली नाही. ती पुढच्या ओळीत ‘लिक लिक लिक’ होऊन आली. आवर्तनाची जागा अशी सरकली तरी चालते, फक्त ते त्याच कडव्यात राहिलं पाहिजे.

इंग्रजीबद्दल एक गोष्ट वाचणाऱ्यांकडे पाहून ठरवावी लागते. इंग्रजी कवितेचा ताल जोर पडणाऱ्या आघातांवर चालतो, मधली अक्षरं कमीजास्त असली तरी इंग्रज वाचक ती गिळून ठेका सांभाळतो. आपल्याकडे मात्र प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने म्हटलं जातं. ‘अँड अ‍ॅट द व्हेरी एंड देअर केम अ लिटल गोट’ अशी ओळ परभणीच्या वर्गात चार टाळ्यांत मावत नाही. वरच्या गश-रशच्या आणि करडाच्या इंग्रजी ओळी मोजल्यात तर प्रत्येकीत सातच अक्षरोच्चार आहेत. ‘पाणी सुटलं घळ घळ घळ’मध्ये, बोलताना, तेवढेच आहेत. म्हणून एकच टाळी तिन्ही भाषांना पुरते.

जमलं की नाही हे तपासायला मूळ मराठी न ऐकलेल्या माणसाकडून नवी आवृत्ती कोरी वाचून घ्यावी आणि तो जिथे थांबतो किंवा मागे जाऊन पुन्हा वाचतो तिथे पेन्सिलीने खूण करावी. स्वतः वाचून काही कळत नाही, कारण आपल्या कानात मराठी वाजत असते. मग मुलांसमोर वाचावं. पालुपद दोन-तीनदा येऊन गेलं की पुढच्या वेळी वाचणाऱ्याने पहिल्या ‘छल’वर थांबून पाहावं. मुलांनी पुढचं स्वतः म्हटलं तर पालुपद पक्कं. ती नुसती तोंडाकडे बघत राहिली तर बहुधा कडव्यांत दोष नसतो, पालुपदातला शब्द अनोळखी किंवा उच्चाराला जड असतो. तेवढाच बदलावा.

तिन्ही भाषा एकाच पानावर छापायच्या का, हाही प्रश्न येतो. खर्च वाचतो हे खरं, पण चार ओळींच्या बारा ओळी होतात, चित्र आक्रसतं आणि वाचणारा एका पालुपदावरून पुढच्या भाषेच्या पालुपदावर घसरतो. पैसे एकाच पुस्तकाचे असतील तर मराठी आणि हिंदी समोरासमोरच्या पानांवर घ्यावं, कारण त्यांची लिपी एक आणि ओळींची लांबी जवळपास सारखी असते. इंग्रजीच्या ओळी मग त्याच चित्रांसह वेगळ्या पातळ पुस्तिकेत द्याव्यात.